आवाहन आधी लिहा, फिल्म नंतर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान सामाजिक संस्था आता पत्रकांपेक्षा दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओंवर जास्त भिस्त ठेवतात. असा व्हिडिओ पूर्ण होत आला की शेवटच्या पंधरा-वीस सेकंदांवरून वाद होतो, आणि तो दर वेळी त्याच दोन बाजूंनी होतो. फिल्म करणारी तरुण मुलं म्हणतात, शेवटी काही मागू नका. गोष्ट सांगितली, लोक समजूतदार आहेत, मागितलं की सगळा परिणाम धुऊन जातो. संस्थेचे विश्वस्त म्हणतात, मग एवढा खर्च कशाला केला? खाते क्रमांक टाका, क्यूआर कोड टाका, अध्यक्षांचं दोन ओळींचं निवेदन घ्या. शेवटी तडजोड होते. आवाहन राहतं, पण घाईघाईने, हलक्या संगीतावर, लाजत लाजत. दोन्ही बाजूंचं समाधान होत नाही, आणि फिल्म पाहणारा फोन बाजूला ठेवून चहा प्यायला उठतो.

हा वाद चुकीच्या जागी घातला जातो असं माझं ठाम मत आहे. दोन्ही बाजू भांडतात ते किती मागायचं आणि किती जोरात मागायचं यावर. पण शेवटचं आवाहन खटकतं ते मागितल्यामुळे खटकत नाही. आधीच्या दोन मिनिटांत फिल्मने जो प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा केला, त्याचं उत्तर त्या आवाहनात नसतं, म्हणून ते खटकतं. प्रश्न एक आणि उत्तर भलतंच, हे माणसाला लगेच कळतं, भले त्याला ते शब्दांत सांगता येवो न येवो. त्यामुळे आवाहन सहज वाटावं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एडिटिंगच्या टेबलावर शेवटी चिकटवू नये. ते कॅमेरा सुरू करण्याआधी लिहावं आणि मग ठरवावं, की या वाक्यापर्यंत पोचायला काय दाखवायला हवं.

एक उदाहरण तपशिलात घेतो, कारण त्याशिवाय हे बोलणं हवेत राहील. समजा फिल्म थॅलेसेमिया मेजर हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीची आहे. ती कळव्याला राहते. तिला साधारण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. फिल्ममध्ये मे महिना आहे. आई रक्तपेढीत चौकशी करते, मग फोनवरून रक्तदाते शोधत बसते, कारण ठाण्यात मे महिन्यात रक्त कमी पडतं. कॉलेजं बंद, म्हणजे तिथली शिबिरं बंद. चाकरमानी कोकणात, नाहीतर घाटावर गावाला. सोसायट्यांमध्ये निम्म्या दारांना कुलूप. दोन मिनिटं आपण त्या आईबरोबर फिरतो आणि आपल्याला एकच प्रश्न पडतो: मे महिन्यात रक्त येणार कुठून?

आणि आता अशा फिल्मचा नेहमीचा शेवट पाहा. संगीत चढतं, एक भारदस्त आवाज म्हणतो, ‘रक्तदान हेच श्रेष्ठ दान. चला, आपण सर्वांनी पुढे येऊन या चळवळीत सहभागी होऊया.’ मग पडद्यावर चार गोष्टी येतात: रक्तदान करा, लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करा, संस्थेला मदत करण्यासाठी हा कोड स्कॅन करा, व्हिडिओ शेअर करा आणि चॅनेल सबस्क्राइब करा. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण मे महिन्याबद्दल एक अक्षर नाही. फिल्मने विचारलेला प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि त्या जागी आपल्याला चार वेगळी कामं मिळाली.

त्या चारांपैकी तपासणीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे आणि इथे सगळ्यात अस्थानी आहे. आई आणि वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक ओळखायला रक्ताची एचबीए-२ ही तपासणी पुरते. लग्न ठरवणाऱ्या किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक जोडप्याला हे सांगायलाच हवं. पण दोन मिनिटं एका मुलीचा चेहरा, तिचं दप्तर, तिचं हसणं दाखवून लगेच ‘तपासणी करा’ म्हणणं याचा अर्थ काय होतो? तिच्यासारखं मूल तुमच्या घरी येऊ देऊ नका, असा. लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसतं, पण कापलेल्या दृश्यांचा अर्थ तोच निघतो, आणि ती मुलगी स्वतः ही फिल्म पाहणार असते. तपासणीसाठी वेगळी फिल्म करावी, वेगळ्या माणसांची: साखरपुडा झालेलं जोडपं, अहवालाचं पाकीट, त्यानंतरचं बोलणं. आवाहन आधी लिहिलं असतं, तर एका फिल्ममध्ये ही दोन आवाहनं मावत नाहीत हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

मग मे महिन्याच्या प्रश्नाचं उत्तर काय? इथे भावनेपेक्षा रक्ताचं गणित कामाला येतं. लाल पेशींची पिशवी शीतपेटीत ३५ दिवस टिकते. टिकवण्यासाठी जास्तीचं द्रावण घातलेलं असेल तर ४२ दिवस. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, स्त्रीला चार. म्हणजे १५ ऑगस्टचं भव्य शिबिर पुढच्या मेच्या काहीच उपयोगाचं नाही. पण २६ जानेवारीला रक्त दिलेला पुरुष एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पात्र होतो, आणि त्याने त्या आठवड्यात दिलेली पिशवी जूनच्या सुरुवातीपर्यंत वापरता येते. आता गंमत नाही, योगायोगही नाही: एप्रिलचा शेवट हा ठाणेकराचा गावाला निघण्याच्या तयारीचा काळ. तिकिटं काढलेली असतात, निघायचा दिवस ठरलेला असतो. फिल्मला हवं असलेलं वाक्य तिथेच पडलेलं आहे: गावाला जायच्या आधी रक्त देऊन जा.

हे वाक्य मिळाल्यावर फिल्मचं काम सोपं होतं. सुरुवातीलाच कुठेतरी कुलूपबंद दारांचा जिना दाखवायचा. मध्ये शेजारीण आईला सांगते, ‘अगं, ते सगळे परवाच गावाला गेले.’ कुणी काही शिकवत नाही, पण पाहणाऱ्याच्या मनात ‘गाव’ आणि ‘रक्त नाही’ यांची गाठ पडते. शेवटी आवाहन येतं तेव्हा ते नवीन नसतं. ते पाहणाऱ्याला जवळजवळ सुचलेलंच असतं.

आता ते बोलायचं कुणी? मुलीने नाही. तिच्या तोंडून मागवणं म्हणजे तिला तिच्याच गोष्टीत याचक करणं. आईनेही नको, कारण नकार देता येऊ नये अशा जागी ती पाहणाऱ्याला उभं करते, आणि अशा जागेवरून माणूस आधी नजर वळवतो. बोलावं एखाद्या नेहमीच्या रक्तदात्याने. तो रिक्षा चालवणारा असेल, बँकेत असेल, सोसायटीचा सेक्रेटरी असेल. फिल्ममध्ये तो आधी एकदा तरी दिसलेला असावा. आणि त्याने फिल्मच्याच बोलीत बोलावं. आपल्याकडच्या आवाहनांचा सूर नेमका इथे सुटतो. दोन मिनिटं घरातली मराठी ऐकू येते आणि शेवटी अचानक सभेची मराठी सुरू होते, ‘करावे, ही नम्र विनंती’ अशी. तो रक्तदाता असं म्हणू शकेल:

‘आम्ही पण मे महिन्यात गावाला जातो. पण निघायच्या आधीच्या आठवड्यात मी रक्त देऊन जातो. माझी एक पिशवी म्हणजे अशा एखाद्या मुलाचे पुढचे दोन-तीन आठवडे. तुम्ही गावाचं तिकीट काढलं असेल, तर आजच एक दिवस ठरवा. जेवून या, ओळखपत्र आणा, तासाभरात मोकळे व्हाल. तुम्हाला स्वतःला देता येत नसेल, तर घरातल्या ज्याला येतं त्याला घेऊन या.’

हे साधारण पंचवीस सेकंदांचं बोलणं आहे. यातला प्रत्येक तुकडा का आहे ते सांगतो. ‘अशा एखाद्या मुलाचे’ म्हटलंय, ‘या मुलीचे’ नाही, कारण रक्तपेढीत दिलेली पिशवी गरजेप्रमाणे कुणालाही जाते आणि पाहणाऱ्याला खोटी आशा दाखवणं बरोबर नाही. एका पिशवीने तीन जीव वाचतात हे सगळीकडे लिहिलेलं वाक्य मुद्दाम टाळलंय; रक्ताचे घटक वेगळे करता येतात हे खरं, पण या गोष्टीत तो मोठा आकडा परका आहे. ‘तासाभरात’ म्हटलंय, कारण सुई टोचल्यानंतर पाच-दहा मिनिटंच लागत असली तरी फॉर्म, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरून वेळ जातो, आणि दहा मिनिटं ऐकून आलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, त्यातले जे खरोखर वजनदार आहेत ते. पहिला, काही न मागण्याचा. यात तथ्य आहे. काही फिल्म अशा असतात, की पाहणाऱ्याच्या हातात खरंच काही नसतं, किंवा बदल हवा असतो तो नजरेत. तिथे ओढूनताणून आवाहन लावू नये, हे मी मान्य करतो. आणि आपल्या वारकरी परंपरेत कीर्तनाच्या बदल्यात काही घेऊ नये हा दंडक आहे, त्यामागे सांगणाऱ्याच्या निःस्पृहतेची जी जाण आहे ती आपल्या रक्तात आहे. पण ज्या फिल्मने मला एका आईची धावपळ दाखवली आणि तिला उपाय आहे हेही जिला माहीत आहे, तिने गप्प राहणं ही निःस्पृहता नव्हे. तळमळ जागी करून माणसाला तसंच सोडून दिलं, की तो पुढच्या वेळी तळमळायचं टाळतो. लोक समजूतदार आहेत, हे बरोबर. पण समजूतदार माणसालाही रक्तपेढी कुठे आहे आणि ती कधी उघडी असते हे आपोआप कळत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९६५ साली हॉवर्ड लेव्हेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देऊन लस घ्यायला सांगितलं होतं. काहींची पुस्तिका सौम्य होती, काहींची अंगावर काटा आणणारी. भीती जास्त दाखवली म्हणून लस घेणारे वाढले नाहीत. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने: काही विद्यार्थ्यांना आरोग्य केंद्रावर खूण केलेला नकाशा आणि लसीच्या वेळा दिल्या होत्या, आणि आपल्या आठवड्यात कधी जमेल ते बघायला सांगितलं होतं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के गेले. बाकीच्यांतले सुमारे ३ टक्के. ते सगळे त्याच विद्यापीठात शिकत होते, केंद्र कुठे आहे हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक असणार. तरी नकाशाने काम केलं, कारण त्याने ‘केलं पाहिजे’चं ‘गुरुवारी करतो’ असं केलं. ‘तिकीट काढलं असेल, तर आजच दिवस ठरवा’ हे वाक्य तेच काम करतं.

यावर जाणकार वाचक मला अडवेल, आणि अडवायलाच हवं. मार्च २०१२ मध्ये ‘कोनी २०१२’ ही अर्ध्या तासाची फिल्म आठवड्याभरात दहा कोटींहून जास्त वेळा पाहिली गेली. युगांडातला बंडखोर नेता जोसेफ कोनी याला पकडण्यासाठी जनमत उभं करायचं, हा तिचा हेतू. तिच्या शेवटी नेमकी कृती होती आणि नेमकी तारीखही होती: २० एप्रिलच्या रात्री आपापल्या शहरात पोस्टर लावा. त्या रात्री फारच थोडे लोक बाहेर पडले. मग नेमकेपणा कुठे कामाला आला? माझं उत्तर असं, की नेमकेपणा आवश्यक आहे, पुरेसा नाही. माझ्या गल्लीत पोस्टर लागलं तर आफ्रिकेतल्या जंगलात लपलेल्या माणसाचं काय होणार, हे त्या फिल्मने कधी पटवलंच नाही. शिवाय फिल्म आणि कृती यांत सहा आठवडे होते, आणि त्या काळात फिल्मच्या सोप्या मांडणीवर जोरदार टीका झाली. कृती आणि दुःख यांच्यातला दुवा पाहणाऱ्याला स्वतः दिसला पाहिजे. रक्ताच्या बाबतीत तो दिसतो: पिशवी रिकामी आहे, माझ्या हातात रक्त आहे.

मागण्याची लाज वाटणाऱ्यांना मी पोचमपल्लीची आठवण देईन. १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा तेलंगणातल्या त्या गावात होते. भूमिहीन दलितांनी त्यांना सांगितलं, आम्हाला ८० एकर जमीन हवी. सरकारकडे अर्ज करू, असं सुरुवातीला विनोबाही बोलले. मग त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर देऊ केले. ते मागणं कुणाला ओशाळवाणं वाटलं नाही, कारण गरज आकड्यासह समोर बसलेली होती आणि देऊ शकणारे त्याच सभेत होते. पुढे भूदानात मिळालेली बरीचशी जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हेही लपवू नये. मागणं सहज असलं तरी घेणाऱ्याची तयारी नसेल, तर दान वाया जातं. आपल्या फिल्मला ते तंतोतंत लागू आहे: पडद्यावर दिलेल्या नंबरवर फोन कुणी उचलणार नसेल, रक्तपेढीला आधी कल्पना दिलेली नसेल, तर आवाहन कितीही सुंदर असो, ते करू नये.

विश्वस्तांच्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. संस्था पैशांवर चालते, आणि फिल्म हीच मागायची संधी असते. माझं म्हणणं एवढंच, की पैसे मागायचे असतील, तर पैशांची फिल्म करा. रक्त चढवून घेणाऱ्या मुलांच्या शरीरात लोह साठतं आणि ते काढायची औषधं रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. त्या औषधांच्या खर्चावर फिल्म करा, आणि मग एका मुलाच्या एका महिन्याच्या औषधाची रक्कम शेवटी मागा. तिथे पैसे मागणं अगदी सरळ येईल. रक्ताच्या फिल्मवर क्यूआर कोड टाकला, की पाहणारा मनातल्या मनात सोपी वाट धरतो: शंभर रुपये पाठवले, झालं. मे महिन्यातली पिशवी मात्र रिकामीच राहते.

त्या क्यूआर कोडबद्दल आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आपला प्रेक्षक फिल्म फोनवर पाहतो. हातातल्या फोनच्या पडद्यावरचा कोड त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. स्क्रीनशॉट काढा, मग अॅपमध्ये जाऊन गॅलरीतून तो निवडा, एवढं करणारे थोडेच. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर कोड चालतो. फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला एकच नंबर चालतो, तोही बोलून दाखवलेला. व्हॉट्सअॅपवर फिल्म या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जाते तेव्हा तिच्याखालची ओळ आणि लिंक कधीकधी गळून पडते, म्हणून जे सांगायचं ते फिल्मच्या आतच असायला हवं. आणि उभ्या व्हिडिओत खालच्या भागावर नाव आणि बटणं येतात, तेव्हा पत्ता तिथे लिहू नये.

जमलं की नाही हे ओळखायचं कसं? किती जणांनी पाहिली हा आकडा इथे काही सांगत नाही. संस्थेशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना फिल्म दाखवावी आणि दुसऱ्या दिवशी विचारावं, काय करायला सांगितलं होतं? ‘रक्तदान चांगलं असतं’ असं उत्तर आलं, तर आवाहन फसलं. ‘गावाला जायच्या आधी रक्त द्यायचं’ असं आलं, तर जमलं. कुणी आधी मुलीबद्दल विचारलं, ती आता कशी आहे, तर तेही लक्षात घ्यावं. कदाचित फिल्मने तिची गोष्ट अर्धवट सोडली असेल आणि ती राहिलेली ओढ आवाहनाच्या आड येत असेल. अशा वेळी आवाहन बदलू नये, त्याच्या आधीचं एक दृश्य वाढवावं. आणि रक्तपेढीत येणाऱ्याला फॉर्म भरताना एवढंच विचारावं, कुठून कळलं? तो आकडा लहान असतो, पण खरा असतो.

शेवटी एक काम एडिटरसाठी. फिल्म वर्षानुवर्षं फिरत राहते. रक्तपेढीची वेळ बदलते, नंबर बदलतो, आणि जुन्या नंबरावर फोन करून कंटाळलेला माणूस पुन्हा येत नाही. म्हणून रक्तदात्याच्या बोलण्यात नंबर आणि पत्ता घालू नये, ते त्यानंतरच्या वेगळ्या पाटीवर असावेत आणि त्या पाटीवरचा आवाजही वेगळा रेकॉर्ड केलेला असावा. पाटीवर वर्ष लिहावं. दरवर्षी मार्च संपायच्या आत रक्तपेढीला फोन करून तपशील पडताळावा, तेवढे दहा सेकंद बदलावेत, आणि एप्रिलच्या मध्याला, लोक गावाच्या बॅगा भरायला घेतात तेव्हा, फिल्म पुन्हा ग्रुपवर सोडावी.